घड्याळाचा पट्टा घरी कमी करताना

भाऊ, आधी कड्यांच्या आतली बाजू बघ. तिथे बारीक बाण कोरलेले असतात. कड्या जोडणारी पिन बाणाच्या दिशेनेच बाहेर ढकलायची, परत बसवताना बाणाच्या उलट. पिनेचं एक टोक चिरलेलं असतं. बसवताना न चिरलेलं टोक आधी आत जातं. बाणाविरुद्ध ठोकलीस तर ती अडते, तू जोर लावतोस, पिन ढकलायचा बारीक पंच घसरतो आणि कडीवर लांब ओरखडा पडतो.

माझा पहिला ओरखडा असाच पडला. जळगावात भर मे महिन्यात, घामट हातांनी, पंचाऐवजी गोधडीची सुई वापरली होती. सुई वाकली नि सरकली. आता मी पट्ट्याला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावतो, फक्त भोक उघडं ठेवतो. खाली जुन्या टॉवेलची घडी, पण आधी झटकून, कारण त्यातला वाळूचा एक कणही पॉलिशवर रेघ ओढतो. पिनेपेक्षा किंचित बारीक पंच घ्यायचा, सरळ धरायचा आणि हलके टोले द्यायचे.

काही पट्ट्यांत मधल्या कडीत इवलीशी नळी असते. ती टेबलावरून घरंगळली, तर पिन नंतर सैल राहते. म्हणून ताटात काम कर.

माप दुपारी घे. आपल्याकडच्या उन्हात मनगट फुगतं. सकाळी नेमका बसवलेला पट्टा तीनला रुततो. तीन कड्या जास्त असतील तर दोन काढ, दोन्ही बाजूंनी एकेक. उरलेला ढिलेपणा बकलाच्या भोकांत जमव.