थर सरकला की आधी किती सरकला ते मोजा

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरवर पेटजी प्लास्टिकचा मोठा भाग छापताना दोन-अडीच तासांनी अचानक वरचे थर वाय दिशेत सरकतात, एकदा साधारण दीड मिलिमीटर, एकदा तीनच्या थोडं वर. पुढे सगळं नीट छापलं जातं. सकाळी छापलेल्या लहान वस्तू व्यवस्थित येतात. बेल्ट दोनदा ताणला, मोटरचा करंट ठरवणारा व्हीरेफही वाढवला, पण आता उलट लवकर होतंय. काय बघू?

उत्तर: बेल्ट आणखी ताणू नका. आधी ती पायरी कॅलिपरने नीट मोजा. किती सरकलं यावरून कुठे घसरलं ते बहुतेक वेळा कळतं.

पुढेमागे सरकणाऱ्या बेडच्या प्रिंटरवर सहसा २ मिमी पिचचा बेल्ट आणि २० दातांची पुली असते. मोटरच्या एका फेऱ्यात बेड ४० मिमी जातो. बेल्ट ढिला असून त्याचा दात पुलीवरून उडाला, तर चूक २ मिमीच्या पटीत येते: २, ४, ६. मोटरचं गणित वेगळं आहे. १.८ अंशांच्या मोटरची एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप असतात, म्हणजे एक स्टेप ०.२ मिमीची. पण पकड सुटल्यावर रोटर एकाच स्टेपने चुकून थांबत नाही. कॉइलमधल्या करंटचं चक्र चार स्टेपनी पूर्ण होतं, त्यामुळे तो पुढच्या जुळणाऱ्या जागी जाऊन बसतो आणि चूक ०.८ च्या पटीत येते: ०.८, १.६, २.४, ३.२. दोन्हींत न बसणारे आकडे येत असतील तर पुली शाफ्टवर घसरतेय. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर आणून आवळा. ४ मिमी मात्र दोन्ही हिशेबांत बसतं, म्हणून एकाच मापावर विसंबू नका.

तुमचं ‘दीड’ आणि ‘तीनच्या थोडं वर’ हे १.६ आणि ३.२ निघेल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर बेल्टचा दात उडत नाहीये, मोटरची पकड सुटतेय. आता खरा पेच असा की पकड दोन कारणांनी सुटते आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. ॲक्सेलरेशन जास्त असेल तर मोटरचा जोर कमी पडतो आणि करंट वाढवून फायदा होतो. मोटर चालवणारी चिप, म्हणजे ड्रायव्हर, तापत असेल तर करंट वाढवल्याने तो आणखी तापतो. टीएमसी २२०८ सारखी चिप ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःला बंद करते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. तेवढ्या वेळात बोर्ड पुढच्या स्टेप पाठवतच राहतो. व्हीरेफ वाढवल्यावर तुमचा थर लवकर सरकू लागला, ही मला सर्वांत बोलकी खूण वाटते.

तरी खात्री करून घ्या. तीच फाइल तशीच पुन्हा छापा. थर दोन्ही वेळा त्याच उंचीला सरकला, तर दोष त्या जागेच्या हालचालीत आहे: तिथे एखादी लांब, वेगवान ट्रॅव्हल असेल, किंवा वर वळलेल्या कडेवर नोझल आपटत असेल. मग ॲक्सेलरेशन उतरवून पाहा. छपाई सुरू झाल्यावर हे पाठवा, कारण स्लायसर सुरुवातीला स्वतःचे आकडे लिहितो:

```
M201 Y400
```

मार्लिन फर्मवेअरमध्ये ही वाय अक्षाच्या ॲक्सेलरेशनची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे फाइलमधली ॲक्सेलरेशन ठरवणारी M204 तिच्या वर जाऊ शकत नाही. बेडवर काच असेल तर हे आधी करून पाहा. २३५ मिमी चौरस, ४ मिमी जाडीची काच जवळपास अर्धा किलो भरते आणि मोटरला ती प्रत्येक वळणावर थांबवून उलट ओढावी लागते.

उलट, उंची दर वेळी बदलत असेल आणि सकाळपेक्षा दुपारी लवकर होत असेल, तर उष्णतेचा पाठलाग करा. बोर्डचं झाकण काढून टेबलफॅनचा वारा थेट ड्रायव्हरवर सोडा आणि तीच फाइल लावा. थर सरकायचा थांबला तर कारण सापडलं. पेटजीवर एक गोष्ट आवर्जून बघा: काही प्रिंटरांत बोर्डचा पंखा पार्ट कूलिंग फॅनच्याच आउटपुटला जोडलेला असतो. पेटजीसाठी आपण तो फॅन बंद किंवा अगदी मंद ठेवतो, आणि नेमका तेव्हाच बोर्डला वारा मिळत नाही. लहान वस्तू ड्रायव्हर तापण्याआधीच छापून होतात. या पंख्याला थेट पॉवर सप्लायवरून जोडता येतं, फक्त पंख्याचा व्होल्टेज सप्लायशी जुळतोय ना ते पाहा. व्हीरेफ मूळ जागी आणा, आणि ट्रिमर फिरवताना मोटरची वायर काढू-घालू नका. चालू असताना वायर सुटली तर ड्रायव्हर जळू शकतो.

बेल्ट दोनदा ताणलाय, तर तोही थोडा सैल करा. अतिताणामुळे मोटरच्या बेअरिंगवर आणि आयडलरवर भार येतो आणि मोटरचा जोर त्यातच खर्च होतो. मोटर बंद करून बेड हाताने सावकाश सरकवा. कुठेही अडकता कामा नये. अडकला तर खालच्या चाकांचे एक्सेन्ट्रिक नट किंचित सोडा.

ड्रायव्हर बोर्डशी यूएआरटीने जोडलेले असतील आणि फर्मवेअरमध्ये देखरेख चालू असेल, तर छपाई बिघडल्याबरोबर M911 पाठवा. वाय ड्रायव्हरने तापल्याचा इशारा दिला होता का ते तिथे दिसेल. ड्रायव्हर स्टँडअलोन असतील तर ही माहिती मिळत नाही, मग टेबलफॅनची परीक्षाच करावी लागेल. मोजलेले आकडे इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.