हात मागे, आधी प्रश्न

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लग्नाच्या हॉलवर त्या बाईंची व्हीलचेअर तू रॅम्पवर ढकललीस, त्या ओरडल्या आणि चारचौघांत तुझा चेहरा पडला. "मावशी, मदत करायची की नाही?" असं विचारतोस. कर की! पण आधी विचार आणि उत्तर येईपर्यंत हात मागे ठेव. लोक "ढकलू का?" म्हणतात खरे, पण तोवर खुर्ची चार फूट पुढे गेलेली असते.

त्या का ओरडल्या, सांगते. चढावर आम्ही व्हीलचेअरवाले पुढे झुकतो आणि चाकाच्या बाहेरची कडी एका लयीत ढकलतो. मागून कुणी अचानक जोर दिला की लय मोडते, बोटं चाकात सापडू शकतात. त्यात लग्नात रॅम्पवर गालिचा पसरलेला असतो. पुढची छोटी चाकं त्याच्या सुरकुतीत किंवा दाराच्या उंबऱ्याला अडकली की खुर्ची जागीच थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. तुला मागून ती चाकं दिसतच नव्हती, त्यांना दिसत होती. त्यांना एक ओळ लिही, "न विचारता हात लावला, चुकलं." तुझा हेतू किती चांगला होता, ते लिहू नकोस.

"हो, मदत करा," असं उत्तर आलं, तर लगेच दुसरा प्रश्न विचार: कशी करू? बऱ्याच खुर्च्यांचे हात नि पाय ठेवायच्या पट्ट्या निघणाऱ्या असतात. तिथे धरून उचललंस तर पट्टी तुझ्या हातात येईल आणि माणूस जमिनीवर. उतार तीव्र असेल तर खुर्ची सहसा उलटी वळवून उतरवतात, म्हणजे उताराच्या बाजूला तू असतोस. तेही विचारूनच. बॅटरीवरची खुर्ची मात्र उचलायला जाऊच नकोस, माणसासकट तिचं वजन अनेकदा शंभर किलोच्या वर जातं. आणि हात सोडण्याआधी "सोडतोय" म्हण. इतकं साधं आहे, तरी मला दर लग्नसराईत तेच तेच सांगावं लागतं!

खुर्ची रिकामी असली तरी ती माझीच असते, हेही लक्षात ठेव. एका हॉटेलात मी टेबलाजवळच्या साध्या खुर्चीवर सरकून बसले. वाट अडते म्हणून वेटरने माझी खुर्ची न विचारता आत कुठेतरी नेऊन ठेवली. मला बाथरूमला जायचं होतं आणि तो वेटर दुसऱ्या मजल्यावर. तुझे पाय कुणी कपाटात ठेवले तर कसं वाटेल? मी आवाज चढवला. तेव्हापासून नातेवाइकांत मी तिरसट. असू दे. त्याआधीची कितीतरी वर्षं मी हसून "थँक्यू" म्हणत राहिले. त्या गोड बोलण्याने कुणी काही शिकलं नाही, याचंच मला अजून वाईट वाटतं.

बोलण्याचं फार सांगत नाही. माझ्याशी बोलायचं असेल तर माझ्याकडे बघून बोल. "या जेवणार का?" असं माझ्या भाचीला विचारू नकोस. गप्पा लांबणार असतील तर खुर्ची ओढून बस, माझी मान दुखते. "फिरायला चल" बिनधास्त म्हण. मी फिरतेच.

आता तुझ्या लीड्सच्या घरातल्या त्या अंध मुलीचं आणि तिला चालताना साथ देणाऱ्या गाइड डॉगचं. आपल्याकडे असे कुत्रे जवळजवळ दिसत नाहीत, ब्रिटनमध्ये मात्र १९३१पासून आहेत. नियम तोच, विचार आणि थांब. कुत्र्याच्या अंगावर हार्नेस, म्हणजे मूठ लावलेला साज, असला की तो कामावर आहे. हाक, शिट्टी, बिस्किट, काही नको. त्याचं लक्ष उडालं तर खांब चुकवायचा राहून जातो. कुठे जायचं ते ती ठरवते. कुत्रा अडथळे टाळतो, फुटपाथच्या कडेला थांबतो. सिग्नल कधी बदलला ते तो सांगत नाही. तिथल्या अनेक क्रॉसिंगवर बटणाच्या डब्याखाली एक छोटा शंकू असतो, तो फिरू लागला की तिच्या बोटांना कळतं. ती तो चाचपत असताना तू दंड धरून ओढलंस तर दोघांचाही हिशेब चुकतो.

कुत्रा बहुधा तिच्या डावीकडे असेल. तू उजवीकडून जा, आपलं नाव सांग, मग विचार. "हो" म्हणाली तर कोपर पुढे कर. ती हार्नेसची मूठ सोडून पट्टा हातात ठेवेल आणि तुझं कोपर धरेल. हार्नेसला तू हात लावायचा नाहीस. निघताना "निघतो" म्हण, नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत बसेल. घरी हार्नेस उतरवल्यावर कुत्र्याला कुरवाळायचंय? तेही तिला विचारून.

आणि एखाद्या टॅक्सीवाल्याने कुत्र्याला नकार दिला तर तुझं डोकं फिरेल, मी तुला ओळखते. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१०प्रमाणे त्याला सहसा तसा नकार देता येत नाही, आणि हे तिला तुझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. तिच्या वतीने भांडू का, हेही तिलाच विचार. "नको" म्हणाली तर गाडीचा नंबर टिपून ठेव आणि गप्प उभा राहा.

तुझी,
मावशी