मीटरच्या फरकावर लावलेलं बिल ग्राहक नाकारतोय

प्रश्न : माझं झेरॉक्स आणि सायबर कॅफेचं दुकान आहे. एका क्लासचं काम महिन्याच्या उधारीवर करतो, एका बाजूला दीड रुपया असा तोंडी दर आहे. मार्चमध्ये मशीनचं मीटर 4,12,300 वरून 4,33,900 वर गेलं. किरकोळ गिऱ्हाइकांचे वहीतले 3,200 वजा करून उरलेल्या 18,400 चं 27,600 रुपये बिल दिलं. क्लासवाले म्हणतात, आमच्या नोंदीत 16,200 च आहेत, 24,300 घ्या आणि ‘पूर्ण हिशेब मिळाला’ अशी सही द्या. त्यात ए-थ्रीच्या 900 एकतर्फी प्रश्नपत्रिका होत्या. कोर्टात जाऊ का? त्यांचं पुढचं काम अडवू का?

उत्तर : आधी ती सही देऊ नका. पूर्ण हिशेब मिटला असं मान्य करून कमी रक्कम घेतली, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे उरलेला हक्क संपतो. मात्र 24,300 जरूर घ्या आणि पावतीवर ‘मार्चच्या बिलापोटी, उर्वरित रकमेचा वाद कायम’ असं लिहा. बँकेतून आले तर उत्तम, त्याच दिवशी तशाच मजकुराचं पत्र किंवा मेसेज पाठवा.

आता खरा वाद 2,200 प्रिंटचा, म्हणजे 3,300 रुपयांचा. इथे तुमचं बिल कच्चं आहे. मीटर सांगतं मशीनने किती छापलं, कोणासाठी छापलं ते नाही. अडकून फाटलेले कागद, चाचणीची पानं, गर्दीच्या वेळी वहीत टिपायची राहून गेलेली किरकोळ कामं, हे सगळं तुम्ही नकळत क्लासच्या माथी मारलंय. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

ए-थ्रीचं वेगळं. बऱ्याच मशीनमध्ये ए-थ्रीची एक बाजू मीटरवर दोन धरली जाते, तशी सेटिंग असते. मशीनमधून काउंटर रिपोर्ट छापा, किंवा एक ए-थ्री काढून आकडा एकाने वाढतो की दोनाने ते बघा. दोनाने वाढत असेल, तर तुमच्या हिशेबात 900 ऐवजी 1,800 धरले गेलेत आणि 2,200 पैकी 900 चा उलगडा झाला. पण ए-थ्रीचा दर तुमच्यात ठरलाच नव्हता. तो न ठरवता काम करून घेतलं, तर करार कायद्याच्याच कलम 70 खाली वाजवी मोबदला मागता येतो. बाजारात ए-थ्रीला जास्त दर घेतात हे शेजारच्या दुकानांच्या दरपत्रकांवरून दाखवता येईल. म्हणजे त्या 900 चे 1,350 रुपये मागण्यात दम आहे, उरलेले 1,300 प्रिंटचे 1,950 मी सोडून देईन. त्यासाठी दावा लावलात तर तारखांनाच त्याहून जास्त जातील. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावापूर्व लोकअदालतीत 1,350 चं प्रकरण ठेवा, तिथे बहुधा तडजोड होते.

दावा लावायचाच असेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. तुमची वही पुराव्यात येईल, पण भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 28 प्रमाणे नुसत्या हिशेबाच्या नोंदीवर कोणावर देणं लादता येत नाही. जोडीला दुसरं काही लागतं: क्लासच्या शिपायाची सही, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘50 प्रती काढा’ हा मेसेज, मशीन भाड्याचं असेल तर कंपनीच्या माणसाने घेतलेलं रीडिंग. मेसेजचा पुरावा देताना याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यातला एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

पुढचं काम घ्यायला नकार देणं तुमच्या हातात आहे. पण काम घेऊन, छापून, मग मार्चच्या थकबाकीसाठी गठ्ठा अडवायचा नाही. करार कायद्याच्या कलम 170 चा माल अडवून ठेवण्याचा हक्क त्याच कामाच्या मजुरीपुरता असतो, जुन्या उधारीला लागू होत नाही.

एप्रिलपासून मीटरचा आकडा बिलात घालू नका, तो फक्त ताळा बघायला ठेवा. प्रत्येक कामाची कार्बनची चिठ्ठी करा: तारीख, कागदाचा आकार, बाजू, प्रती, आणि नेणाऱ्याची सही. खराब कागद वेगळ्या खोक्यात टाका आणि रात्री मोजून लिहा. कॉम्प्युटरवरून दिलेल्या प्रिंटची नोंद विंडोजही ठेवतं, पण ती सुविधा मुळात बंद असते. Event Viewer मध्ये PrintService च्या Operational लॉगवर Enable Log करा, तिथे 307 क्रमांकाच्या नोंदीत पानं दिसतात. तिच्यावर एकटीवर विसंबू नका. 40 पानांच्या 50 प्रती काढल्या तरी तिथे 40 च दिसू शकतात, आणि काचेवर ठेवून काढलेल्या झेरॉक्स त्यात येतच नाहीत. महिनाअखेरीला चिठ्ठ्यांची बेरीज करून क्लासवाल्यांची त्यावर सही घ्या. ती सही मुदतीच्या आत असेल तर मर्यादा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे तीन वर्षं तिथून नव्याने मोजली जातात, आणि आकड्याचा वादही उरत नाही.