स्टॉप रुंद, तर माल कमी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, स्क्रीनशॉटही पाहिले. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या सकाळी बँक निफ्टी फ्यूचरचा एक लॉट घेतलास, शंभर पॉइंटचा स्टॉप लावलास. दहा वाजून काही मिनिटांनी तो उडाला आणि अकरापर्यंत भाव तुला हव्या त्याच दिशेने निघून गेला. शेवटी तू विचारतोस, "दिशा बरोबर होती, स्टॉपनेच घात केला. पुढच्या वेळी स्टॉप लावूच नको का, काका?" हा प्रश्न वाचल्यावर झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी एवढं सांग, शंभर हा आकडा कुठून आणलास? मंगळवारी-बुधवारी जो स्टॉप पुरतो, तोच तू इथे उचलून ठेवलास. पण पॉलिसीच्या दिवशी दहा वाजता बाजार वेगळा असतो. पावणेदहापासूनच मोठे लोक आपल्या ऑर्डरी मागे घेतात. मार्केट डेप्थ उघडून बघ, एरवी जिथे प्रत्येक भावाला भरपूर माल उभा असतो तिथे त्या वेळी तुरळक लॉट दिसतात आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर वाढलेलं असतं. अशा विरळ बाजारात मध्यम आकाराची एक ऑर्डरही भाव कुठल्या कुठे नेते. तुझा स्टॉप कोणी शोधून मारला नाही. पॉलिसीच्या दिवशीच्या नेहमीच्या हिंदोळ्याच्या आत तो उभा होता, म्हणून लागला.

म्हणजे स्टॉप रुंद हवा होता, हे तुझं म्हणणं बरोबर. पण त्याचा दुसरा अर्धा भाग तू सोडून देतोस, आणि मी सांगतोय तो तेवढाच आहे: स्टॉप जितका रुंद करशील, तितका माल कमी कर. माल कमी करता येत नसेल, तर बाहेर बस.

हिशेब करू. लॉट तीसचा धर. शंभर पॉइंटचा स्टॉप म्हणजे तीन हजारांची जोखीम, आणि एका सौद्यात तीन हजारांपलीकडे जायचं नाही हे तूच ठरवलं होतंस. आता मागच्या पाच-सहा पॉलिसींचे पाच मिनिटांचे चार्ट काढ. दहा ते साडेदहामध्ये वर किती गेलं, खाली किती गेलं ते वहीत लिही. त्यातली सरासरी घेऊ नकोस, सगळ्यात मोठी चाल घे, कारण तुला मारणारी तीच असते. समजा ती तीनशे पॉइंट निघाली. स्टॉप तीनशेच्या पलीकडे गेला की एका लॉटवर नऊ हजार. तीन हजारांत बसायचं तर लॉटचा तिसरा हिस्सा हवा. लॉटचा तिसरा हिस्सा कोण देतो? कोणी नाही. म्हणजे एका लॉटवाल्याला स्टॉप रुंद करण्याचा पर्यायच उरत नाही. त्याला बाहेर बसायचं असतं. हे तुला झोंबेल, तरी तीन-तीनदा सांगेन.

ज्याच्याकडे तीन लॉट आहेत, तो आदल्या दिवशी दोन काढतो आणि उरलेल्या एकाचा स्टॉप लांब नेतो. कॅशमध्ये हे आणखी सोपं आहे. एखाद्या बँकेचे तीनशे शेअर दहा रुपयांच्या स्टॉपने घेणार होतास, तर पॉलिसीच्या दिवशी शंभर घे आणि स्टॉप तीस रुपयांचा ठेव. जोखीम तीच राहते. आणि हे सगळं आदल्या दिवशी साडेतीनच्या आत ठरायला हवं. दहा वाजून तीन मिनिटांनी भाव स्टॉपजवळ आल्यावर तो खाली सरकवणं म्हणजे नुकसान नाकारणं आहे. त्याला रुंद करणं म्हणू नकोस.

"पण निर्णय काय येणार हे सगळ्यांना माहीतच होतं," असंही तू लिहिलंस. १० ऑगस्ट २०२३ आठव. रेपो दर अपेक्षेप्रमाणे ६.५० टक्क्यांवरच राहिला. पण त्याच भाषणात १९ मे ते २८ जुलै २०२३ या काळात वाढलेल्या ठेवींवर दहा टक्के जादा सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे बाजूला काढून ठेवायची रोकड, ठेवायला सांगितलं आणि बँकांचे शेअर खाली आले. उलट ६ जून २०२५ ला बहुतेकांना पाव टक्क्याची कपात अपेक्षित होती. आली अर्ध्या टक्क्याची, रेपो ५.५० वर, आणि वर सीआरआरमध्ये टप्प्याटप्प्याने एक टक्क्याची कपात. पण त्याच निवेदनात धोरणाचा रोख पुन्हा 'तटस्थ' केला, म्हणजे पुढच्या कपातींची आशा कमी केली. एकाच भाषणात दोन उलट दिशांच्या गोष्टी येतात, आणि बारा वाजता पत्रकार परिषद असतेच. दराचा आकडा बरोबर ओळखला म्हणून भाव कसा जाईल ते ओळखता येत नाही.

त्या ६ जूनला मी बाहेर होतो. बँक निफ्टी विक्रमी पातळीवर गेला आणि ओळखीच्या मंडळींनी मला भित्रा ठरवलं. चुटपुट लागली, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशीच्या मालाचा हिशेब माझ्या जोखमीत बसत नव्हता, आणि पुन्हा तसाच दिवस आला तरी मी बाहेरच बसेन. धोरण जाहीर झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने डेप्थ परत भरते, तेव्हा नेहमीच्या स्टॉपने सौदा घेता येतो. चालीचा पहिला भाग जातो. जाऊ दे.

तू ऑप्शनकडे वळण्याचा विचार करतोयस म्हणून आणखी एक. २०२१ पासून एनएसईवर ऑप्शनमध्ये मार्केट स्टॉप चालत नाही, ट्रिगर आणि लिमिट दोन्ही द्यावे लागतात. ट्रिगर दोनशे, लिमिट एकशे पंच्याण्णव, आणि प्रीमियम थेट एकशे ऐंशीवर उतरला, तर तुझी ऑर्डर नुसती उभी राहते आणि तू आतच अडकतोस. शिवाय निर्णयाआधी फुगलेला प्रीमियम निर्णयानंतर बसतो, त्यामुळे दिशा बरोबर असूनही पैसे जातात.

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा निर्णय आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतो. तेव्हा आपला बाजार बंद असतो. सकाळी सव्वानऊला भाव तुझा स्टॉप ओलांडून उघडला, तर उघडेल त्याच भावाला सुटका. तिथे स्टॉप कितीही रुंद ठेवलास तरी उपयोग नाही, फक्त माल कमी करता येतो. आणि ४ मे २०२२ सारखा दिवस, जेव्हा वेळापत्रकात नसताना दुपारी दोनला रेपो ०.४० टक्क्यांनी वाढवला आणि सेन्सेक्स तेराशेहून जास्त पॉइंट पडला, तो कुठल्याच कॅलेंडरमध्ये सापडणार नाही. म्हणून एरवी स्टॉप काढायचा विचारही करू नकोस.

पतधोरण समितीच्या वर्षभराच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या आजच भिंतीवर लाव. पुढच्या पॉलिसीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मला तीन आकडे पाठव: मागच्या पॉलिसींतली सर्वांत मोठी चाल, त्यावरून काढलेला स्टॉप, आणि त्या स्टॉपला तीन हजारांत बसणारा माल. तिसरा आकडा एका लॉटपेक्षा कमी आला, तर फोन करून वाद घालू नकोस, मी ऐकणार नाही.

तुझा,
काका