सहा थर, एक प्रबंध

प्रिय,

तुझा मेल काल रात्री वाचला. फोल्डरचा स्क्रीनशॉट पाहिला आणि एक जुनी विद्यार्थिनी आठवली. तिच्याही प्रबंधाचं असंच झालं होतं: final मध्ये final, त्यात पुन्हा final, असे सहा थर आणि प्रत्येक थरात एक thesis.docx. तिची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुझी गाठ त्याच जागी पडलेली दिसते.

तिच्या प्रबंधाचा सारांश वाचत होतो. त्यात उत्तरदाते 128 होते आणि चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यात 131. मी खूण करून विचारलं, तर ती रडवेली झाली. म्हणाली, "सर, तीन जणांनी प्रश्नावली दोनदा भरली होती. ती मी काढली, तक्ता परवा रात्री बसून दुरुस्त केला. मला पक्कं आठवतंय." तिचं खरं होतं. तक्ता दुरुस्त झाला होता, पण वेगळ्या फाइलमध्ये.

आधी हे थर आले कुठून ते बघ. ती final हे फोल्डर झिप करून मला पाठवायची. मी सूचना लिहून तसंच परत झिप करायचो, आणि ती विंडोजमध्ये Extract All दाबायची. तेव्हा विंडोज झिपच्या नावाचं एक नवं फोल्डर तयार करतं आणि झिपमधलं फोल्डर त्याच्या आत ठेवतं. म्हणून final\final. आतपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून ती आतली फाइल बाहेरच्या थरात कॉपी करून तिथे काम करायची आणि पुढच्या वेळी बाहेरचं फोल्डर झिप करायची. दर फेरीला एक थर वाढला. यात माझीही चूक होती, आलेलं सगळं न बघता परत पाठवत होतो.

या हिशेबाने सर्वांत आतली फाइल सर्वांत जुनी आणि बाहेरची सर्वांत नवी. तीही तेच धरून चालली होती. पण एकदा जुना परिच्छेद बघायला तिने बाहेरून चौथ्या थरातली फाइल उघडली होती. ती वर्डच्या अलीकडच्या फाइल्सच्या यादीत वर जाऊन बसली. त्या यादीत नाव ठळक दिसतं आणि पत्ता खाली बारीक अक्षरांत. दुसऱ्या दिवशी थकलेल्या डोळ्यांनी तिने पहिल्या thesis.docx वर क्लिक केलं आणि तक्ता तिथे दुरुस्त केला. सारांश मात्र सर्वांत बाहेरच्या फाइलमध्ये बदलला होता. दोन्ही कामं प्रामाणिकपणे झालेली, पण एकत्र कुठेच नाहीत.

आम्ही आधी पूर्ण फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. मग बाहेरच्या फोल्डरमध्ये पॉवरशेल ही विंडोजची आदेश द्यायची खिडकी उघडून हे चालवलं:

```
Get-ChildItem -Recurse -Filter *.docx |
  Get-FileHash | Sort-Object Hash |
  Format-List Hash, Path
```

हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा, फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. दोन हॅश सारखे असले की त्या फाइली अक्षरशः एकच. सहा फाइलींचे चार ठसे निघाले. पाचवा आणि सहावा थर सारखे, दुसरा आणि तिसरा सारखे, पहिला वेगळा, चौथा वेगळा. सहा फाइलींची भीती तिथेच चारवर आली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव: हॅश वेगळा आला म्हणजे मजकूर बदललाच असं होत नाही. वर्डची फाइल नुसती पुन्हा सेव्ह केली तरी तिच्यातली सेव्ह केल्याची वेळ बदलते आणि तेवढ्याने ठसा बदलतो.

मग तारखा. फाइलवर राइट-क्लिक करून Properties मध्ये Details उघडलं की Date last saved दिसतं. ही तारीख फाइलच्या पोटात असते, त्यामुळे कॉपी केल्याने बदलत नाही. बाहेर दिसणारी Created ची तारीख मात्र कॉपी झाल्या क्षणाची असते, तिच्यावर विसंबू नकोस. चौथ्या थरातल्या फाइलची शेवटची सेव्ह पहिल्या थरापेक्षाही नवी निघाली. आत म्हणजे जुनं, हा समज इथे मोडला आणि तक्ता कुठे असणार तेही कळलं.

आता पहिला आणि चौथा थर या दोन फांद्या हातात होत्या, पण त्या जिथून फुटल्या तो बुंधा हवा होता. बुंधा नसेल तर दोन फाइलींमध्ये फरक दिसतो, पण कोणत्या फाइलीत काय बदललं ते कळत नाही. 131 आणि 128 समोरासमोर आले तर यातला नवा कोणता, हे फरक सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या थरातली सारखी जोडी हा तो बुंधा असावा असा माझा अंदाज होता, कारण त्या फेरीत तिने काही न बदलता फोल्डर पाठवलं होतं. वर्डमध्ये Review मधल्या Compare ने आधी तिसरा थर आणि पहिला थर ताडले. फक्त सारांश आणि प्रस्तावनेतले बदल दिसले. मग तिसरा आणि चौथा ताडले. फक्त तक्ता आणि त्याखालची दोन वाक्यं. दोन्हींत एकही जागा सामाईक नव्हती, म्हणजे अंदाज बरोबर होता. पहिल्या थराच्या फाइलमध्ये चौथ्यातला तक्ता आणि ती दोन वाक्यं आणून बसवली. एकच वाक्य दोन्हीकडे बदललेलं असतं तर तिथे यंत्र काही ठरवू शकत नाही, लिहिणाऱ्यालाच वाचून ठरवावं लागतं. आलेख आणि चित्रं आम्ही छापील पानांवर एकेक करून तपासली, कारण चित्राच्या आतला बदल Compare मध्ये नीट उमगत नाही.

हे सगळं व्हायला एक दुपार गेली. त्यानंतर तिने एकच फोल्डर ठेवलं आणि फाइलींना `2024-03-15-thesis.docx` अशी नावं दिली. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाप्रमाणे लावलं की आपोआप तारखेप्रमाणे लागतं. final हे नाव तिने जमा केलेल्या पीडीएफसाठीच राखलं आणि त्या पीडीएफचा हॅश वहीत लिहून ठेवला. मला ती फोल्डरऐवजी नुसती फाइल पाठवू लागली. झिप उघडावीच लागली तर Extract All च्या खिडकीत पत्त्याच्या शेवटी विंडोजने जोडलेलं नाव खोडायचं, म्हणजे जादा थर होतच नाही. तू लाटेकमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, लिहीत असतास तर बदलांची नोंद ठेवणारं गिट वापर म्हणालो असतो. वर्डच्या फाइलीही गिटमध्ये राहतात, पण ओळ कुठे बदलली ते गिट त्यात थेट दाखवत नाही, म्हणून तुझ्यासाठी तारखेचं नावच बरं.

तुझं फोल्डर क्लाउडवर आहे असं दिसतंय. तिथे वर्डचा ऑटोसेव्ह बहुधा चालू असतो, आणि नुसती बघायला उघडलेली फाइल चुकून एक कळ दाबली तरी सेव्ह होते, तारीख बदलते आणि माग पुसला जातो. म्हणून आज एकही फाइल उघडू नकोस. पूर्ण फोल्डरची प्रत काढ, वरचा आदेश चालव, आणि किती वेगळे ठसे आले ते प्रत्येकाच्या Date last saved सकट मला लिहून पाठव. बुंधा कोणता ते आपण मिळून शोधू.

तुझा,
सर