दोन तापमानांच्या आयसोथर्मवरून आयसोस्टेरिक हीट: प्रेशर सारखं नको, लोडिंग सारखं घ्या

प्रश्न: नाशिकला एम.एस्सी. करतेय, प्रोजेक्टला नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन आहे. CO2 चे आयसोथर्म 0 आणि 25 डिग्रीला घेतले. 30 किलोपास्कलला अपटेक 2.00 आणि 1.08 मिलिमोल प्रति ग्रॅम येतं, ते क्लॉशियस-क्लॅपेरॉनमध्ये टाकलं तर 16.7 किलोज्यूल आलं. गाईड म्हणतात फार कमी आहे. कुठे चुकतंय?

उत्तर:

गणित बरोबर आहे, पण तू आयसोथर्म उभा कापलास, तो आडवा कापायचा असतो. आयसोस्टेरिक म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेल्या गॅसचं प्रमाण सारखं ठेवायचं आणि तेवढंच प्रमाण टिकवायला दुसऱ्या तापमानाला किती प्रेशर लागतं ते बघायचं. क्लॉशियस-क्लॅपेरॉनमध्ये लॉगच्या आत प्रेशर असतं, अपटेक नाही:

```
q = R · ln(p2/p1) / (1/T1 − 1/T2)
```

ही अट कुठून येते तर, समतोलाला गॅसचं आणि चिकटलेल्या थराचं केमिकल पोटेन्शियल सारखं असतं, आणि तापमान बदलताना थर तसाच राहिला, म्हणजे लोडिंग न बदलता, तरच प्रेशरमधला बदल थेट त्या लोडिंगच्या उष्णतेशी जोडता येतो. तू प्रेशर सारखं ठेवलंस तेव्हा दोन वेगवेगळ्या भरलेल्या पृष्ठभागांची तुलना झाली. आणि उत्तर कमीच का आलं तेही सांगता येतं. लॉग-लॉग ग्राफवर तुझ्या आयसोथर्मचा उतार त्या भागात 0.65 च्या आसपास असणार, तुझ्या पद्धतीने खऱ्या उष्णतेला साधारण तेवढ्यानेच गुणलं जातं. अगदी कमी प्रेशरला, जिथे आयसोथर्म सरळ रेषेत जातो तिथे उतार 1 असतो आणि दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखं येतं, म्हणूनच ही चूक पटकन लक्षात येत नाही.

आता नीट करून बघू. लोडिंग 2.00 धरू. मशीन बरोबर 2.00 ला पॉईंट देत नाही, त्यामुळे आजूबाजूचे दोन पॉईंट घ्यायचे. समज 0 डिग्रीला 28.0 किलोपास्कलला 1.91 आणि 32.0 ला 2.09 आहे, तर मधे 2.00 साठी 30.0 येतं. 25 डिग्रीला 74.0 ला 1.94 आणि 82.0 ला 2.06 असेल तर 78.0 येतं. पॉईंट एवढे जवळजवळ असतील तर सरळ रेषेचं इंटरपोलेशन पुरतं. 78 भागिले 30 म्हणजे 2.6, त्याचा लॉग 0.9555. 1/273.15 वजा 1/298.15 म्हणजे 0.000307, आणि 8.314 ला त्याने भागलं की 27.1 किलोज्यूल. म्हणजे तुझ्या या तापमानांच्या जोडीसाठी फक्त लॉगला 27.1 ने गुणायचं, उत्तर 25.9 किलोज्यूल प्रति मोल. कार्बनवर CO2 साठी हे अगदी अपेक्षित पट्ट्यातलं आहे. एन्थाल्पी लिहिताना मात्र वजा चिन्ह द्यायचं, उष्णता बाहेर पडते ना.

हेच 0.5 लोडिंगला कर, समज 4.0 आणि 11.5 किलोपास्कल आले तर 28.6 मिळतं. लोडिंग वाढलं की उष्णता थोडी उतरते, कारण अरुंद पोअर आधी भरतात आणि तिथे दोन्ही भिंतींचं आकर्षण मिळतं. असा हळू उतरणारा वक्र आला की माझा विश्वास बसतो.

पण डाव्या टोकाचं जपून. 0.1 लोडिंगला प्रेशर 0.6 आणि 1.75 असेल तर 29.0 येतं, पण गेजचा झिरो फक्त 0.2 किलोपास्कलने सरकलेला असला की तेच आकडे 0.8 आणि 1.95 दिसतात आणि उत्तर 24.1. पाच किलोज्यूल गेले, आणि वक्र सुरुवातीला वर चढतोय असं दिसायला लागतं, मग लोक थिसिसमध्ये त्याची कारणं शोधत बसतात. तेव्हा गेजच्या अचूकतेपेक्षा कमीत कमी वीसेक पट प्रेशर असेल तिथूनच वक्र सुरू कर, त्याच्या डावीकडचं दाखवूच नकोस.

दुसरी गोष्ट फिटिंगची. पॉईंट विरळ असतील तर लोक प्रत्येक तापमानाला वेगळा लँगम्युअर फिट करतात आणि त्यातून प्रेशर काढतात. यात सॅच्युरेशनची किंमत दोन्हीकडे वेगळी निघते, समज 5.5 आणि 4.8, आणि केवळ त्या फरकामुळे काढलेली उष्णता लोडिंग 0 पासून 2 पर्यंत अडीच किलोज्यूल वर चढते आणि 4 पर्यंत तेरा. कार्बनमध्ये तसं काही घडत नसतं, ते फिटने आणलेलं असतं. उलट सॅच्युरेशन दोन्हीकडे सारखं बांधून टाकलं तर लँगम्युअर सगळ्या लोडिंगला एकच आकडा देतो, म्हणजे तुला हवा तो वक्रच गायब. मी तरी जिथे खरे पॉईंट आहेत तिथे इंटरपोलेशनच करते, आणि फिट लागलाच तर दोन्ही तापमानांचा डेटा एकत्र घेऊन व्हायरियल फिट करते. डेटाच्या पलीकडे वक्र कधीच ओढू नये. 25 डिग्रीला 100 किलोपास्कलपर्यंतच गेली असशील तर तिथे जेवढं लोडिंग मिळालं तिथेच वक्र संपला, 0 डिग्रीचा आयसोथर्म त्याच्या कितीही पुढे गेलेला असो.

तापमान खरंच किती होतं तेही बघ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लॅब चांगलीच तापलेली असते, 0 डिग्रीच्या थर्मॉसमधला बर्फ रन संपायच्या आधी वितळतो आणि 25 चा बाथ चिलर नसेल तर 25 ला राहतच नाही. बर्फ आणि पाण्याचा काला ठेव, नुसतं बर्फगार पाणी नको, आणि थर्मामीटर सॅम्पल ट्यूबच्या शेजारी बुडवून रनच्या सुरुवातीला, मधे, शेवटी वाचून लिहून ठेव. बाथ खरा 23 ला असताना तू 25 धरलंस तर वरचं 25.9 प्रत्यक्षात 27.9 असतं. फक्त 25 आणि 35 डिग्री घेऊन भागवायचा मोह होतो कारण बर्फाची कटकट नको वाटते, पण तिथे लॉगला 27 ऐवजी 76 ने गुणावं लागतं, म्हणजे प्रेशरमधली 2 टक्क्यांची चूकच दीड किलोज्यूल होते.

एखाद्या लोडिंगला थंड आयसोथर्म गरम आयसोथर्मच्या खाली गेलेला दिसला तर गणित करूच नकोस. थंडीत CO2 अरुंद पोअरमध्ये हळू शिरतो, मशीनने समतोल होण्याआधीच पॉईंट उचललेला असतो. इक्विलिब्रेशनचा वेळ दुप्पट करून परत घे आणि आकडा हलतो का बघ. डीगॅसिंगही दोन्ही रनआधी सारखंच हवं, आणि वजन डीगॅस झाल्यानंतरचं.

शेवटचं म्हणजे दोन तापमानांतून रेषा नेहमीच जाते, त्यामुळे दोनच आयसोथर्म स्वतःची चूक दाखवू शकत नाहीत. गाईडना सांगून 15 डिग्रीचा एक छोटा रन घे, पूर्ण नको, 40 ते 70 किलोपास्कलमधले चारपाच पॉईंट बास. वरच्या 25.9 वरून 2.00 लोडिंगला तिथे 54.3 किलोपास्कल यायला हवं. 53 ते 55.5 मधे आलं तर आकडा वापर. 60 आलं तर 0 ते 15 मधून 30 किलोज्यूल आणि 15 ते 25 मधून 19 निघतात, पंचवीस डिग्रीत उष्णता एवढी बदलत नाही. मग आधी 15 चाच रन परत घे, तरीही 60 आलं तर बाथच्या नोंदी सगळ्यात खराब असलेला आयसोथर्म पुन्हा घ्यावा लागेल.