दुसऱ्या बँकेच्या एटीएमने माझं डेबिट कार्ड गिळलं. बँक ते परत देईल का? नाही दिलं तर नवीन कसं मिळवायचं?

परत मिळेल या आशेवर राहू नका. कार्ड आत्ता लगेच ब्लॉक करा आणि नवीन मागवा. "सोमवारी या, मशीन उघडलं की देतो" असं काउंटरवर सांगणारे बरेच भेटतात आणि त्या एका वाक्यावर माणसं दोन-दोन दिवस चालू कार्ड मशीनमध्ये ठेवून निवांत बसतात. तो सल्ला चुकीचा आहे.

कार्ड पूर्ण आत ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये कार्ड वाचणाऱ्या भागाच्या मागे एक छोटी पेटी असते. बाहेर आलेलं कार्ड ठरलेल्या सेकंदांत कोणी उचललं नाही, किंवा ते आधीच ब्लॉक केलेलं निघालं, की मोटर ते मागे ओढते आणि त्या पेटीत टाकते. पेटी उघडतात ती मशीनमध्ये पैसे भरायला येणारी माणसं. रस्त्यावरच्या एटीएमवर ती बँकेची नसतात, कंत्राटी एजन्सीची असतात. ती कार्डं मोजतात, मशीनच्या नोंदीशी जुळवतात आणि यादीसकट बँकेकडे देतात. म्हणजे तुमचं कार्ड तुमच्या हातात येण्याआधी तीन-चार हातांतून जातं.

त्यात मशीन दुसऱ्या बँकेचं असेल, तर त्या बँकेला तुम्ही कोण हे ठाऊकच नसतं. तिच्यापुढे फक्त कार्डाचा नंबर असतो. तुमचा फोन, पत्ता, सही यातलं काहीच नाही. म्हणून परक्या बँकेचं कार्ड साधारणपणे कापून बाद करतात किंवा ज्या बँकेचं आहे तिच्याकडे पाठवतात. त्या शाखेत आधार कार्ड घेऊन तासभर उभं राहिलात तरी हातात काही पडेल याची खात्री नाही.

"पिन कोणाला माहीत नाही, मग कसली भीती?" हा दुसरा नेहमीचा मुद्दा. टॅप करून चालणाऱ्या कार्डावर 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. जानेवारी 2021 पासून ही मर्यादा आहे. टॅपची सोय चालू असलेलं कार्ड चुकीच्या हातात पडलं, तर पिन विचारायची वेळच येत नाही.

एक प्रसंग तपशिलात पाहू. शनिवार, 14 तारीख, संध्याकाळचे 7:40. एसटी स्टँडजवळचं परक्या बँकेचं मशीन, 5,000 रुपये मागितले. अशा मशीनमध्ये आधी कार्ड बाहेर येतं, ते उचलल्यावर नोटा येतात. नेमका फोन वाजला, लक्ष तिकडे गेलं, मशीनने कार्ड आत ओढलं. नोटाही आल्या नाहीत, पण 5,000 कापल्याचा मेसेज मात्र आला.

आता तिथून हलण्याआधी दोन कामं. मशीनवर किंवा पावतीवर असलेला एटीएमचा क्रमांक आणि पडद्यावरचा संदेश यांचा फोटो घ्या. मग तिथेच उभं राहून आपल्या बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा. अ‍ॅप नसेल तर कार्डाच्या मागचा नंबर आता हाताशी नाही, म्हणून बँकेचा टोल-फ्री नंबर फोनमध्ये आधीच साठवलेला हवा. स्टेट बँकेचं कार्ड असेल तर नोंदणीकृत मोबाइलवरून `BLOCK` आणि पुढे कार्डाचे शेवटचे चार अंक असा एसएमएस 567676 वर पाठवायचा. ब्लॉक झाल्याचा संदेश, त्यातला क्रमांक आणि वेळ जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार तुम्ही कळवल्यानंतर झालेला गैरव्यवहार बँकेच्या माथी जातो. उद्या वाद झालाच तर हा संदेशच पुरावा आहे.

त्या केबिनच्या भिंतीवर चिकटवलेल्या हेल्पलाइनवर मात्र फोन करू नका. फटीत पट्टी किंवा फिल्म बसवून कार्ड अडकवणारे चोर असा नंबर स्वतःच लावून जातात. मग एखादा भला वाटणारा माणूस येऊन "कॅन्सल दाबा, पुन्हा पिन टाका" म्हणतो आणि पिन बघून घेतो. तुम्ही निघालात की पट्टीसकट कार्ड बाहेर. मशीनने खरोखर कार्ड ठेवून घेतलं असेल तर पडद्यावर बहुधा तसं येतं, पुष्कळदा पावतीही निघते. कार्ड गेलं आणि पडदा मात्र काही घडलंच नाही असा "कार्ड घाला" म्हणत राहिला, तर फट नीट बघा.

कापलेल्या 5,000 ची तक्रार आपल्या बँकेकडेच करायची, एटीएमवाल्या बँकेकडे नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, रविवार धरून. म्हणजे वरच्या उदाहरणात 19 तारखेपर्यंत. 23 ला आले तर चार दिवसांचे रोज 100 प्रमाणे 400 रुपये भरपाई, तीही न मागता. नाही दिली तर लेखी मागा. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जा.

नवीन कार्डाचा अर्ज अ‍ॅपमधून होतो. त्याआधी खात्यावरचा पत्ता बघून घ्या, कारण कार्ड पोस्टाने त्याच पत्त्यावर जातं आणि पत्ता जुना असेल तर परत फिरतं. शुल्क बहुतेक ठिकाणी दोनशे-तीनशे रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. पोस्टाची वाट पाहायला वेळ नसेल तर शाखेत नाव न छापलेलं तयार कार्ड मिळतं का ते विचारा. अनेक शाखांत ते ओळखपत्र दाखवून त्याच दिवशी हातात देतात. एटीएममध्ये राहिलेल्या कार्डासाठी पोलीस तक्रार साधारणपणे लागत नाही. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो आधी शाखेत बदलून घ्या, कारण नवीन पिन तयार करायला ओटीपी त्याच नंबरवर येतो.

कार्ड हातात आल्यावर लोक एका ठिकाणी हमखास अडतात. नवीन कार्डावर ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार बंद असतात, फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन चालतं. बाकी हवं ते अ‍ॅपमधून स्वतः चालू करायचं. कार्डाचा नंबर बदललेला असतो, त्यामुळे जुन्या कार्डावर लावलेले दरमहाचे हप्ते आणि वर्गण्या पुन्हा जोडाव्या लागतात. यूपीआय खात्याला जोडलेलं असतं, कार्ड ब्लॉक केलं तरी ते थांबत नाही. तोवर रोख हवी असेल तर यूपीआयची सोय असलेल्या एटीएमवर कोड स्कॅन करून पैसे काढता येतात.

एक अपवाद सांगायचा राहिला. मशीन तुमच्याच बँकेचं, तेही शाखेला लागून, आणि शाखा उघडी असेल, तर अ‍ॅपमधून कार्ड तात्पुरतं बंद करा आणि आत जाऊन विचारा. त्याच दिवशी मशीन उघडणार असतील तर पासबुक आणि ओळखपत्र पाहून, रजिस्टरवर सही घेऊन कार्ड देऊ शकतात. कायमचं ब्लॉक केलेलं कार्ड परत मिळालं तरी बहुतेक बँकांत ते पुन्हा चालू होत नाही, म्हणून इथे तात्पुरतं. शाखा बंद व्हायच्या वेळेपर्यंत कार्ड हातात आलं नाही, तर तिथूनच कायमचं ब्लॉक करून निघा.